रिटर्न तीन महिन्यांनी, कर मात्र दर महिन्याला: क्यूआरएमपी योजना नव्याने घेणाऱ्यांसाठी

जीएसटीचा नंबर नुकताच काढलेला माणूस बहुतेक वेळा माझ्याकडे एकच वाक्य घेऊन येतो: "मला तिमाही करून द्या, म्हणजे तीन महिने बघायला नको." कोल्हापूर-इचलकरंजी भागातल्या छोट्या कारखानदारांची आणि दुकानदारांची रिटर्न मी भरतो. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग खोडून काढण्यात माझी पहिली भेट जाते. तिमाही होतं ते रिटर्न. कर दर महिन्यालाच भरायचा असतो. योजनेच्या इंग्रजी नावातच तिमाही रिटर्न आणि मासिक भरणा असे दोन्ही शब्द आहेत, आणि त्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला क्यूआरएमपी म्हणतात. १ जानेवारी २०२१ पासून ती लागू आहे.

दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याला वर्षात विक्रीच्या बिलांची बारा जीएसटीआर-१ आणि कराच्या हिशेबाची बारा जीएसटीआर-३बी, अशी चोवीस रिटर्न भरावी लागतात. क्यूआरएमपीत ती चार आणि चार, म्हणजे आठ होतात. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत मात्र एक चलन भरायचं असतं, आणि व्यापाऱ्यांना माल विकत असाल तर बिलांची एक छोटी यादीही दिलेली बरी. काम कमी होतं, पण या दोन महिन्यांकडे जो पाठ फिरवतो त्याला व्याज तरी लागतं किंवा त्याचं गिऱ्हाईक तरी दुखावतं.

ही योजना कोणाला घेता येते

मुख्य अट उलाढालीची आहे. मागच्या आर्थिक वर्षातली एकूण उलाढाल ५ कोटी रुपयांपर्यंत असली पाहिजे, आणि चालू वर्षातही ती ५ कोटींच्या आत राहिली पाहिजे. इथली उलाढाल पॅननुसार मोजतात. एखाद्याचा कारखाना कोल्हापुरात आणि डेपो निपाणीत असेल, तर महाराष्ट्राचा आणि कर्नाटकाचा असे दोन जीएसटी नंबर असतात. उलाढाल मोजताना दोन्ही एकत्र धरायचे. करमाफ मालाची विक्री आणि निर्यात यांचाही त्यात समावेश होतो. कोल्हापूरहून निपाणीच्या डेपोला पाठवलेल्या मालाचं बिलसुद्धा धरलं जातं. फक्त जीएसटीची रक्कम आणि जिच्यावरचा कर खरेदीदारानेच भरायचा असतो ती रिव्हर्स चार्जखालची खरेदी त्यातून वगळायची. एका शाखेचीच उलाढाल पाहून "आपण ५ कोटींच्या खूप खाली आहोत" असं समजणारे लोक मला भेटले आहेत. पॅनची बेरीज काढल्यावर त्यातल्या काहींचं गणित बदललं.

योजना घ्यायची की नाही हे मात्र प्रत्येक नंबरपुरतं वेगळं ठरवता येतं. कोल्हापूरचा नंबर तिमाही आणि निपाणीचा मासिक, असं चालतं.

दुसरी अट अशी की, ज्या दिवशी पर्याय निवडता त्या दिवसापर्यंत देय झालेलं शेवटचं जीएसटीआर-३बी भरलेलं असलं पाहिजे. जुनं रिटर्न थकलेलं असेल तर आधी ते भरून मोकळे व्हा.

कंपोझिशनमध्ये असलेल्यांसाठी ही योजना नाही, कारण त्यांची रिटर्न मुळातच वेगळी असतात. कंपोझिशनमधून बाहेर पडलेला व्यापारी मात्र ती घेऊ शकतो. परदेशातून इथल्या लोकांना ऑनलाइन सेवा विकणारे आणि अनिवासी करदातेही यात बसत नाहीत. कंपोझिशन आणि क्यूआरएमपी यांची गल्लत फार होते म्हणून फरक सांगतो. कंपोझिशनवाला बिलावर जीएसटी लावू शकत नाही आणि त्याला खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिटही मिळत नाही. क्यूआरएमपीवाला नेहमीसारखाच कर लावतो, क्रेडिट घेतो आणि त्याच्या गिऱ्हाइकालाही क्रेडिट मिळतं. बदलते ती फक्त रिटर्नची गती.

घेता येते म्हणून घ्यावीच का?

तुमचा माल कोणाकडे जातो, हे आधी पाहा. किराणा, कापड, भांडी असं घरगुती गिऱ्हाइकाला विकणारं दुकान असेल तर ही योजना डोळे झाकून घ्यावी असं माझं मत आहे. तुमच्या बिलावर कोणी क्रेडिट घेणार नसतं, त्यामुळे मधल्या दोन महिन्यांत बिलांची यादी द्यायचाही प्रश्न येत नाही.

कारखान्यांना किंवा इतर व्यापाऱ्यांना माल जात असेल तर थोडा विचार करावा लागतो. १ जानेवारी २०२२ पासून खरेदीदाराला त्याच्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे पोर्टल तयार करून देतं त्या क्रेडिटच्या यादीत, दिसणाऱ्या बिलांवरच क्रेडिट घेता येतं. तुम्ही जुलैचं बिल थेट ऑक्टोबरात दाखवलंत तर त्याचं क्रेडिट तोवर अडकतं, आणि १८ टक्के कर असलेल्या मालावर ही रक्कम काही लहान नसते. यावर योजनेतच सोय आहे. तिला आयएफएफ म्हणतात आणि तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण ती सोय दर महिन्याला वेळेवर वापरण्याची शिस्त तुमच्यात नसेल, तर मासिक रिटर्नच बरं.

निर्यात करून परतावा घेणाऱ्यांना मी सहसा ही योजना सुचवत नाही. परताव्याचा अर्ज रिटर्न भरल्यावरच करता येतो. तिमाही रिटर्न म्हणजे परतावाही तीन महिन्यांनी, आणि छोट्या निर्यातदाराचं खेळतं भांडवल नेमकं तिथेच गुंततं.

पोर्टलवर पर्याय निवडणं

लॉगिन केल्यावर या मार्गाने जा:

`Services > Returns > Opt-in for Quarterly Return`

तिथे आर्थिक वर्ष निवडलं की तिमाह्या दिसतात. हव्या त्या तिमाहीसमोर तिमाही निवडून जतन करायचं, एवढंच काम आहे. अडचण येते ती मुदतीची. कुठल्याही तिमाहीसाठीची खिडकी आधीच्या तिमाहीच्या दुसऱ्या महिन्याच्या १ तारखेला उघडते आणि त्या तिमाहीच्या पहिल्या महिन्याच्या अखेरीला बंद होते. जुलै ते सप्टेंबरसाठी १ मे ते ३१ जुलै, ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी १ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर, जानेवारी ते मार्चसाठी १ नोव्हेंबर ते ३१ जानेवारी आणि एप्रिल ते जूनसाठी १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल.

नवा नंबर १० जुलैला मिळाला तर जुलै-सप्टेंबरची खिडकी उघडी असते, लगेच पर्याय घ्या. १० ऑगस्टला मिळाला तर ती तिमाही गेली. तेव्हा ऑक्टोबर-डिसेंबरसाठी पर्याय घ्यायचा आणि सप्टेंबरपर्यंतची रिटर्न मासिक भरायची.

पर्याय एकदा घेतला की तो पुढे आपोआप चालू राहतो. मासिकवर परत यायचं असेल तर याच पानावर, याच मुदतीत बदल करता येतो. वर्षाच्या मध्येच उलाढाल ५ कोटींच्या वर गेली, तर त्या तिमाहीनंतरच्या पहिल्या महिन्यापासून मासिक रिटर्न सुरू करावं लागतं. उदाहरणार्थ, ऑगस्टमध्ये ५ कोटी ओलांडले तर ऑक्टोबरपासून.

पहिल्या दोन महिन्यांची बिलं: आयएफएफ

आयएफएफ म्हणजे तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत नोंदणीकृत गिऱ्हाइकांची बिलं पोर्टलवर टाकण्याची खिडकी. जुलैची बिलं १ ते १३ ऑगस्टदरम्यान टाकायची, ऑगस्टची १ ते १३ सप्टेंबरदरम्यान. सप्टेंबरची बिलं थेट तिमाही जीएसटीआर-१ मध्ये जातात, ज्याची मुदत १३ ऑक्टोबर असते. रिटर्नच्या डॅशबोर्डवर वर्ष, तिमाही आणि महिना निवडला की `Invoice Furnishing Facility (IFF)` असा चौकोन दिसतो.

ही सोय ऐच्छिक आहे. सगळी बिलं टाकलीच पाहिजेत असं नाही. ज्याला क्रेडिटची घाई आहे त्याची टाका, बाकीची तिमाही जीएसटीआर-१ मध्ये दाखवा. बिलांबरोबर क्रेडिट नोट आणि डेबिट नोटही टाकता येते. बिगर नोंदणीकृत गिऱ्हाइकांची विक्री मात्र इथे येत नाही. एका महिन्यात टाकलेल्या बिलांचं एकूण मूल्य ५० लाखांपर्यंतच चालतं. काही टाकायचं नसेल तर कोरी यादी भरायचीही गरज नाही, आणि यासाठी विलंब शुल्क नाही. पण १३ तारीख उलटली की खिडकी बंद होते, आणि राहिलेली बिलं पुढच्या महिन्याच्या यादीत किंवा तिमाही जीएसटीआर-१ मध्येच टाकावी लागतात.

इथे एक चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. दुकानातला मुलगा बिलं भरतो, जतन करतो आणि खिडकी बंद करतो. नुसतं जतन केल्याने बिलं गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाहीत. यादी दाखल करावी लागते, म्हणजे मालकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून किंवा कंपनी आणि एलएलपी असेल तर डिजिटल सहीने. एका वर्कशॉपवाल्याने अशी जुलैची सगळी बिलं नुसती जतन करून ठेवली होती. १६ ऑगस्टला त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाने पुढचं पेमेंट थांबवलं तेव्हा हे कळलं. झालंय की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. चौकोनावर `Filed` असं दिसलं पाहिजे आणि एआरएन क्रमांक मिळाला पाहिजे. मासिक रिटर्न भरणाऱ्या गिऱ्हाइकाला १४ तारखेनंतर एक फोन करून "आमची बिलं तुमच्या २बीत आली का" एवढं विचारलं तर शंकाच उरत नाही.

आयएफएफमध्ये दाखल झालेली बिलं तिमाही जीएसटीआर-१ मध्ये पुन्हा टाकायची नसतात. पुन्हा टाकायला गेलात तर तोच बिल क्रमांक दुसऱ्यांदा आल्याची अडचण येते.

पहिल्या दोन महिन्यांचा कर: पीएमटी-०६

आता मुख्य मुद्दा. जुलैचा कर २५ ऑगस्टपर्यंत आणि ऑगस्टचा २५ सप्टेंबरपर्यंत पीएमटी-०६ या चलनाने भरायचा. सप्टेंबरचं वेगळं चलन नसतं. त्याचा हिशेब तिमाही जीएसटीआर-३बीबरोबर होतो. चलन किती रकमेचं काढायचं, याच्या दोन पद्धती आहेत, आणि प्रत्येक महिन्याला तुम्ही त्यातली कुठलीही निवडू शकता. जुलैला एक आणि ऑगस्टला दुसरी चालते.

पहिली ठरावीक रकमेची पद्धत. मागच्या तिमाहीच्या रिटर्नमध्ये तुम्ही रोखीने जेवढा कर भरला, त्याच्या ३५ टक्के पोर्टल स्वतः काढून देतं. मागच्या तिमाहीत तुम्ही मासिक रिटर्न भरत होतात, तर त्या तिमाहीच्या शेवटच्या महिन्यात रोखीने भरलेल्या कराच्या १०० टक्के रक्कम येते. क्रेडिटमधून वळती केलेली रक्कम यात धरत नाहीत. नव्या माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्याने आधीचा पूर्ण करकाळ रिटर्न भरलेलंच नाही, त्याला ही पद्धत मिळत नाही. पहिल्या तिमाहीत तुम्हाला दुसरीच पद्धत वापरावी लागेल.

दुसरी स्वतः हिशेब करण्याची पद्धत. महिन्याच्या विक्रीवरचा कर काढायचा, खरेदीवरचं क्रेडिट वजा करायचं आणि उरलेली रक्कम भरायची. यात एक गैरसोय आहे. तिमाही रिटर्नवाल्यांना जीएसटीआर-२बी तिमाहीच्या शेवटीच तयार होऊन मिळतं, पहिल्या दोन महिन्यांत नाही. त्यामुळे पुरवठादारांची बिलं आली की नाहीत हे जीएसटीआर-२ए उघडून आणि स्वतःच्या खरेदी वहीशी ताडून पाहावं लागतं.

चलन काढताना `Create Challan` मध्ये कारण म्हणून `Monthly payment for quarterly taxpayer` निवडा, मग `35% Challan` किंवा `Challan on self-assessment basis` यांपैकी एक आणि योग्य महिना निवडा. कारणाच्या ठिकाणी दुसरंच काही निवडलं तरी पैसे कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यात जातात, पण त्या महिन्याचं चलन म्हणून नोंद होत नाही, आणि नंतर ते सिद्ध करत बसावं लागतं. दुसऱ्या पद्धतीत रकमा स्वतः टाकायच्या असल्याने रकाने नीट बघा. सीजीएसटी आणि एसजीएसटीचे पैसे आयजीएसटीत किंवा शुल्काच्या रकान्यात पडलेले मी पाहिले आहेत. पीएमटी-०९ या फॉर्मने ते हलवता येतात, पण हा मनस्ताप टाळता येण्यासारखा आहे.

एका फॅब्रिकेशन युनिटचा हिशेब

समजा शिरोलीच्या एमआयडीसीत एक छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. सगळी खरेदी-विक्री महाराष्ट्रातच, करदर १८ टक्के. मागच्या वर्षाची उलाढाल १ कोटी ४० लाख. एप्रिल-जून तिमाहीत त्याने रोखीने १,२०,००० रुपये कर भरला, म्हणजे सीजीएसटी ६०,००० आणि एसजीएसटी ६०,०००. जुलैसाठी ३५ टक्क्यांचं चलन निघतं ४२,००० रुपयांचं, दोन्हीकडे २१,००० प्रमाणे.

जुलैत विक्री झाली १२ लाखांची, त्यावर कर २,१६,०००. खरेदी ९ लाखांची, त्यावर क्रेडिट १,६२,०००. म्हणजे खरा कर ५४,०००. मालकाने ३५ टक्क्यांचं चलन निवडलं आणि २० ऑगस्टला ४२,००० भरले. उरलेल्या १२,००० वर त्याला व्याज लागणार नाही. ठरावीक रक्कम मुदतीत भरली आणि तिमाहीचा पूर्ण कर जीएसटीआर-३बीच्या मुदतीत भरला, तर मधला फरक माफ असतो. या पद्धतीचा खरा फायदा तोच आहे.

ऑगस्टमध्ये पाऊस जोरात होता, कामं थांबली. विक्री ८ लाख, कर १,४४,०००. पुढच्या ऑर्डरसाठी पत्रा मात्र जास्त घेतला, खरेदी १० लाख, क्रेडिट १,८०,०००. आता ऑगस्टचं चलन भरायचं का? इथे बहुतेक जण सवयीने पुन्हा ४२,००० भरून टाकतात. नियम असा की, लेजरमधली शिल्लक जुलै आणि ऑगस्ट मिळून होणाऱ्या कराला पुरत असेल तर दुसऱ्या महिन्याचं चलन भरावं लागत नाही. दोन महिन्यांचा मिळून कर ३,६०,०००, क्रेडिट ३,४२,०००, फरक १८,०००. कॅश लेजरमध्ये आधीचे ४२,००० पडून आहेत. म्हणजे ऑगस्टसाठी एक रुपयाही भरायची गरज नाही. हाच हिशेब पहिल्या महिन्यालाही लागू होतो: शिल्लक पुरेशी असेल किंवा कर शून्य असेल तर चलन नको. मात्र हा हिशेब कागदावर मांडून फाइलला लावून ठेवा. पुढे कोणी विचारलं तर तोच तुमचा आधार.

सप्टेंबरमध्ये विक्री १५ लाख, कर २,७०,०००. खरेदी ११ लाख, क्रेडिट १,९८,०००. पूर्ण तिमाहीचा कर ६,३०,०००, क्रेडिट ५,४०,०००, रोखीने द्यायचे ९०,०००. त्यातले ४२,००० लेजरमध्ये आहेतच. राहिलेले ४८,००० जीएसटीआर-३बीबरोबर भरले की तिमाही संपली. पुढच्या तिमाहीचं ३५ टक्क्यांचं चलन आता ९०,००० वरून निघेल, म्हणजे ३१,५०० रुपये.

याच मालकाने जुलैचं चलन विसरून सगळे पैसे २२ ऑक्टोबरला भरले असते तर? ४२,००० वर २५ ऑगस्टनंतरचे ५८ दिवस, वार्षिक १८ टक्क्यांनी साधारण १,२०० रुपये व्याज लागलं असतं. चलनाच्या उशिराला विलंब शुल्क नाही, व्याज मात्र सुटत नाही.

स्वतः हिशेब करण्याची पद्धत निवडली असती तर जुलैला पूर्ण ५४,००० भरावे लागले असते. त्याऐवजी अंदाजाने ३०,००० भरले असते तर कमी पडलेल्या २४,००० वर व्याज लागलं असतं, कारण या पद्धतीत फरकाला माफी नाही. मग ही पद्धत कधी वापरायची? मागची तिमाही तेजीची आणि चालू तिमाही मंदीची असेल तेव्हा. कापड दुकानाचं पाहा. ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये दिवाळी आणि लग्नसराई मिळून रोखीने ३ लाख कर गेला. जानेवारीत ३५ टक्क्यांचं चलन १,०५,००० चं येतं, आणि जानेवारीचा खरा कर निघतो २२,०००. अशा वेळी ३५ टक्के भरून ८३,००० रुपये एप्रिलपर्यंत लेजरमध्ये अडकवणं हे दुकानाच्या हिताचं नाही. या चलनाची रक्कम त्या तिमाहीचं रिटर्न भरेपर्यंत दुसरीकडे वापरता येत नाही आणि तिचा परतावाही मागता येत नाही. तिथे नीट हिशेब करून २२,००० भरावेत. उलट जुलैसारखी तेजी येत असेल तर ३५ टक्के बरे.

तिमाहीचा शेवट

१३ ऑक्टोबरपर्यंत जीएसटीआर-१ भरायचं. त्यात सप्टेंबरची नोंदणीकृत गिऱ्हाइकांची बिलं, आयएफएफमध्ये न टाकलेली जुलै-ऑगस्टची बिलं आणि तिन्ही महिन्यांची किरकोळ विक्री येते. मालाच्या वर्गवारीनुसारचा एचएसएन गोषवारा पूर्ण तिमाहीचा असतो. आयएफएफमध्ये गेलेल्या बिलांचा मालही त्यात धरायचा, आणि नेमका तोच बऱ्याचदा राहून जातो.

मग जीएसटीआर-३बी. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, गुजरात, मध्य प्रदेश यांच्यासह ज्या राज्यांचा पहिला गट आहे तिथे तिमाहीनंतरच्या महिन्याची २२ तारीख ही मुदत असते. दिल्ली, उत्तर प्रदेश यांसारख्या दुसऱ्या गटात २४ तारीख. जीएसटीआर-१ आणि ३बी यांच्यामध्ये आठ-नऊ दिवस असतात, त्यांचा उपयोग करा. १४ तारखेला आलेलं तिमाही जीएसटीआर-२बी खरेदी वहीशी जुळवा. स्वतःच्या विक्रीत काही चुकलं असेल तर ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए मध्ये दुरुस्त करा, म्हणजे ३बीमध्ये बरोबर आकडा येईल.

३बी भरताना कॅश लेजरमधले ४२,००० समोर दिसतात आणि कर वळता करताना वापरले जातात. मी नव्या लोकांना हे मुद्दाम समजावतो, कारण चलन भरलं म्हणजे कर भरला असं त्यांना वाटतं. चलनाने पैसे फक्त तुमच्या लेजरमध्ये जमा होतात. कर भरला जातो तो ३बी दाखल झाल्यावर. दोन्ही चलनं वेळेवर भरून ३बी विसरलेल्या माणसाला रोज ५० रुपये विलंब शुल्क लागतं, व्यवहार शून्य असेल तर २०. उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर ते एका रिटर्नमागे २,००० रुपयांवर थांबतं, दीड ते ५ कोटींमध्ये ५,००० वर, आणि शून्य रिटर्नला ५०० वर. त्याहून त्रासाचं म्हणजे ते रिटर्न भरेपर्यंत पुढच्या तिमाहीचं आयएफएफ उघडत नाही. म्हणजे ऑक्टोबरची बिलं १३ नोव्हेंबरच्या मुदतीत टाकता येत नाहीत, आणि गिऱ्हाइकाचा फोन पुन्हा तुम्हालाच येतो.

माझ्या टेबलाजवळच्या कॅलेंडरवर प्रत्येक तिमाहीच्या सहा तारखा लाल पेनाने गोल केलेल्या असतात. जुलै-सप्टेंबरसाठी त्या अशा: १३ आणि २५ ऑगस्ट, १३ आणि २५ सप्टेंबर, १३ आणि २२ ऑक्टोबर. पैशांच्या तारखांना दोन दिवस आधीच चलन भरा, कारण २५ तारखेच्या संध्याकाळी बँकेचं पान अडकलं की व्याज तुमच्याच खात्यावर पडतं. एनईएफटीने भरणार असाल तर आणखी एक दिवस हाताशी ठेवा.